शेड पक्की करण्याआधी: भिंतीवर नमुने कसे लावायचे आणि कधी कधी पाहायचे

घराला रंग काढायचा ठरला की आपण दुकानात जातो, शेडकार्ड चाळतो आणि एका तुकड्यावर बोट ठेवतो. तो तुकडा बोटभर असतो आणि दुकानात वर पांढरी ट्यूब असते. घरात मात्र तीच शेड भलतीच दिसते. गोव्यात हे जास्तच होतं, कारण इथल्या घरात उजेड सरळ असा फारसा येतच नाही. खिडकीबाहेर माड, फणस, नाहीतर पूर्ण कुळागर. पुढे उतरत्या कौलांचा सोपा. अंगणात तांबडी माती, आणि जुनं घर असेल तर खाली लाल सिमेंटची जमीन. ऊन या सगळ्यांवर पडून मग भिंतीवर येतं आणि येताना त्यांचा रंग घेऊन येतं. शेडकार्डाला यातलं काही ठाऊक नसतं. म्हणून भिंतीवर नमुना लावून तो निरनिराळ्या वेळी पाहायचा. हे काम पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी मी हे लिहीत आहे आणि फक्त आतल्या भिंतींच्या इमल्शनबद्दल लिहीत आहे.

सोबत मार्दोळजवळच्या एका घराचं उदाहरण घेते. शेजारच्या काकूंच्या माहेरचं घर आहे ते. हॉलला पश्चिमेकडे सोपा आणि सोप्यात उघडणाऱ्या दोन खिडक्या, उत्तरेला एक खिडकी थेट कुळागरावर. जमीन लाल सिमेंटची. काकूंच्या मुलीला राखाडी रंग हवा होता, काकूंना पिवळट क्रीम. तिसरी शेड रंगवाल्याने सुचवली: किंचित तांबूस झाक असलेला ऑफ-व्हाइट. कार्डावर तिन्ही छान दिसत होत्या.

आधी शेडी तीनच ठेवा

सहा-सात नमुने लावले की डोळ्यांचा गोंधळ होतो आणि शेवटी माणूस कंटाळून कुठल्यातरी एकाला हो म्हणतो. तीन पुरे. मात्र त्या एकाच रंगाच्या तीन छटा नकोत. त्यांच्यातली झाक वेगळी हवी. एक थोडी निळी-हिरवी झाक असलेली, एक पिवळट, एक तांबूस. कार्डावर सगळे ऑफ-व्हाइट सारखेच वाटतात. झाक ओळखायची असेल तर कार्ड कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा, म्हणजे कोणती पिवळ्याकडे झुकते आणि कोणती निळ्याकडे ते लगेच कळतं. त्याच पट्टीतल्या सर्वांत गडद शेडकडे पाहिलं तरी झाकेचा अंदाज येतो, कारण ती तिथे उघड दिसते.

दुकानात 200 मिलीचा सॅम्पल मिळतो का ते विचारा. काही कंपन्यांचा मिळतो, पण प्रत्येक दुकानात तो असेलच असं नाही. नसेल तर पांढऱ्या रंगात शेड मिसळणाऱ्या टिंटिंग मशीनवर 1 लिटरचा डबा करून घ्यावा लागतो. इमल्शनच्या एका लिटरमध्ये एका हाताला साधारण 120 ते 150 चौरस फूट भिंत होते. एका शेडचे दोन फूट बाय दोन फुटांचे तीन चौकोन आणि प्रत्येकाला दोन हात धरले तर 24 चौरस फूट होतात, म्हणजे 200 मिलीत काम भागतं. लिटरचा डबा घ्यावा लागला तर उरलेला रंग आतल्या खोलीला किंवा कपाटाच्या मागच्या भिंतीला वापरता येतो. पूर्ण घराचा रंग चुकला तर जो खर्च होईल, त्यापुढे हा डबा काहीच नाही.

एक गोष्ट दुकानातच बघून घ्या. नमुन्याचा रंग आणि नंतर घेणार तो रंग एकाच फिनिशचा हवा. मॅट आणि चकाकीवाला रंग एकाच कोडचे असले तरी भिंतीवर वेगळे दिसतात, कारण चकाकीवाल्यात खिडकीचा उजेड आरशासारखा परततो आणि त्या जागी शेड फिकी वाटते.

भिंत तयार करा आणि मगच नमुना लावा

जुन्या रंगावर थेट नमुना मारला तर बाजूचा जुना रंग डोळ्यांना फसवतो. काकूंच्या हॉलला आधी गर्द पिवळा डिस्टेंपर होता. त्याच्या मध्यभागी राखाडी चौकोन निळसर दिसला असता, आणि भिंत पूर्ण राखाडी झाल्यावर ते निळेपण नाहीसं झालं असतं. म्हणून जिथे नमुना लावायचा तिथे साधारण तीन फूट चौरस जागा घासून घ्या आणि पांढऱ्या प्रायमरचा एक हात मारा. नमुना त्याच्या मधोमध लावा. म्हणजे चारी बाजूंनी अर्धा फूट पांढरा पट्टा राहील आणि डोळा शेडचीच तुलना करेल. डिस्टेंपर बोटाला पावडर लागेल इतका सुटत असेल तर तो आधी खरवडून काढा, नाहीतर प्रायमरसकट पोपडा निघेल.

पुट्टीवर प्रायमर न मारता नमुना लावू नका. कोरडी पुट्टी रंग शोषून घेते, कुठे जास्त कुठे कमी. मग शेड डागाळलेली आणि फिकी दिसते आणि दोष शेडचा समजला जातो.

भिंत ओली असेल तर थांबा. चिऱ्याच्या जुन्या भिंती पावसात पाणी ओढतात आणि ते बाहेर पडायला वेळ घेतात. दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दुसऱ्या दिवशी काढा. आतल्या बाजूला दव जमलं असेल किंवा भिंतीवर ओला डाग दिसला तर अजून वेळ आहे. ओल्या भिंतीवर रंग गडद दिसतो, नंतर खाली लोणा फुटून पांढरा थर येतो, म्हणजे शेडची परीक्षा तर बाजूलाच राहते.

कुठे लावायचा

एकाच भिंतीवर तिन्ही शेडी ओळीने लावून लोक मोकळे होतात. तेवढ्याने भागत नाही. प्रत्येक शेड तीन ठिकाणी हवी: खिडकीसमोरच्या भिंतीवर, खिडकीच्याच भिंतीवर (तिच्यावर थेट उजेड पडत नाही, म्हणून ती खोलीतली सर्वांत काळोखी भिंत असते), आणि खाली, जमिनीपासून फूटभर उंचीवर. हा तिसरा नमुना लोक हमखास विसरतात, आणि लाल जमिनीच्या घरात तोच सर्वांत जास्त सांगतो. दोन शेडींमध्ये निदान फूटभर अंतर ठेवा, एकीला दुसरी चिकटवू नका.

भाड्याचं घर असेल किंवा भिंत खराब करायची नसेल तर जाड पांढऱ्या ड्रॉइंग शीटवर रंग मारा. दोन हात द्या, कडेला दोन इंच कोरा कागद सोडा आणि शीट चिकटपट्टीने भिंतीला सपाट लावा. शीट हलवता येते हा मोठा फायदा आहे. पण कागद गुळगुळीत असतो आणि जुनी भिंत खडबडीत. खडबडीत भिंतीवर बारीक सावल्या पडून शेड जराशी गडद होते, हे लक्षात असू द्या. शक्य असेल तर निदान एक नमुना भिंतीवरच लावा.

मारायचा कसा

पूर्ण भिंतीला जे वापरणार तेच वापरा, म्हणजे रोलरने रंगवणार असाल तर नमुनाही रोलरने. पाणी डब्यावर लिहिलं आहे त्याच प्रमाणात, मापून घाला. अंदाजाने घातलं की एका शेडमध्ये जास्त आणि दुसरीत कमी पडतं आणि तुलना बिघडते. पहिला हात सुकल्यावर दुसरा. साधारण तीन-चार तासांचं अंतर असतं, दमट हवेत ते वाढतं. बोट लावून चिकट वाटत असेल तर दुसरा हात मारू नका.

ओला रंग पाहून मत बनवू नका. इमल्शन ओलं असताना त्यातला बाइंडर दुधाळ असतो, म्हणून शेड फिकी दिसते. सुकताना बाइंडर पारदर्शक होतो आणि रंग खरा गडद दिसू लागतो. चुन्याचं याच्या उलट आहे: ओली सफेदी काळपट आणि पारदर्शक दिसते, सुकल्यावर पांढरी होते. ज्यांनी आयुष्यभर चुना मारला ते लोक इमल्शनही सुकल्यावर उजळेल असं समजून गडद शेड घेतात. नमुना दुपारपर्यंत लावून पूर्ण रात्र सुकू द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाहायला लागा.

पाहायचं कधी

चार वेळा: सकाळी सात-साडेसातला, साडेअकरा-बाराला, सूर्य मावळण्याआधी तासभर, आणि रात्री दिवे लागल्यावर. प्रत्येक वेळी खोलीतले दिवे तुम्ही एरवी ठेवता तसेच ठेवा, पडदेही तसेच. आणि हातात एक कोरा पांढरा कागद घ्या. तो नमुन्याला चिकटून धरायचा. कागद स्वतःच हिरवट दिसत असेल तर उजेड हिरवा आहे. कागद पांढरा आणि नमुना हिरवट, तर ती झाक शेडचीच आहे. नवख्या माणसाला या दोन्हीतला फरक कळायला याहून सोपं साधन नाही.

मोबाइलने फोटो काढून त्यावरून ठरवू नका. कॅमेरा प्रत्येक फोटोत पांढऱ्याचा तोल आपोआप बदलतो, त्यामुळे त्याने तुमच्या खोलीचा हिरवटपणा किंवा पिवळेपणा गुपचूप पुसून टाकलेला असतो. वहीत दोन शब्द लिहा, ते बरे.

काकूंच्या हॉलमध्ये हे नोव्हेंबरात केलं होतं. सकाळी सातला घरामागून ऊन येतं, म्हणून हॉलमध्ये थेट ऊन नव्हतं. जो उजेड होता तो कुळागरातून गाळून आलेला. उत्तरेच्या खिडकीजवळ कागद धरला तर तोही किंचित हिरवा. तिथे राखाडी शेड सरळ शेवाळी दिसली. काकू म्हणाल्या, “ही भिंत पावसात भिजल्यासारखी दिसते.” आणि खरंच तशी दिसत होती. पिवळट क्रीमवर तोच हिरवा उजेड पडून ती कच्च्या लिंबासारखी झाली. तांबूस झाकेचा ऑफ-व्हाइट मात्र तिथे जवळजवळ पांढरा दिसला. याचं कारण सरळ आहे. पानांतून आलेल्या उजेडात लाल भाग कमी असतो. निळी-हिरवी झाक त्या उजेडाला जोड देते, तांबूस झाक ती उणीव भरून काढते. घराला हिरवळ लागून असेल तर हा नियम जवळजवळ नेहमी कामी येतो.

दुपारी बाराच्या सुमारास तिन्ही शेडी त्यातल्या त्यात कार्डासारख्या दिसल्या. म्हणूनच फक्त दुपारी पाहून शेड ठरवणारे लोक फसतात.

पाचच्या सुमारास खरी परीक्षा झाली. तेव्हा सूर्य इतका खाली येतो की ऊन सोप्याच्या छपराखालून सरळ आत शिरतं आणि लाल जमिनीवर पडतं. तिथून ते भिंतीच्या खालच्या अर्ध्या भागावर चढतं. फूटभर उंचीवरचे तिन्ही नमुने तांबूस झाले, वरचे तसेच राहिले. सकाळी जिंकलेली ऑफ-व्हाइट शेड आता खाली गुलाबी दिसायला लागली. क्रीम सोनेरी झाली, आणि खरं सांगायचं तर त्या तासाला तीच सर्वांत सुंदर होती. राखाडीसुद्धा या वेळी चांगली वाटली. मुलीने दुकानातून आल्यावर संध्याकाळीच नमुने पाहिले असते तर राखाडीच घेतली असती.

मग कोणती वेळ खरी मानायची? त्या खोलीत माणसं जेव्हा बसतात ती. काकूंच्या घरी हॉलमध्ये सकाळी कोणीच नसतं. चहा मागच्या पडवीत होतो. हॉल भरतो तो संध्याकाळी सहानंतर, दिवे लागल्यावर. चवथीला गणपतीही त्याच हॉलमध्ये बसतो, माटोळी तिथेच बांधतात, आणि पाहुणे येतात ते बहुतेक आरतीच्या वेळी. म्हणजे रात्रीच्या पाहणीला सर्वांत जास्त वजन, त्याखालोखाल पाचच्या, आणि सकाळची फक्त एवढ्यासाठी की शेड अगदीच ओंगळ दिसू नये. स्वयंपाकघर असतं तर हा क्रम उलटा झाला असता.

रात्रीचा नमुना आणि बल्ब

रात्रीची शेड अर्धी बल्बवर असते, म्हणून बल्ब आधी ठरवा आणि शेड नंतर. एलईडीच्या खोक्यावर आकडा लिहिलेला असतो. 2700 किंवा 3000 केल्व्हिन म्हणजे पिवळट उजेड, 4000 म्हणजे मधला, 6500 म्हणजे निळसर पांढरा. गोव्यातल्या पुष्कळ घरांत हॉलला 6500 ची ट्यूब असते. तिच्या उजेडात राखाडी शेड आणखी थंड होते आणि क्रीमचा पिवळेपणा मेल्यासारखा होतो. 3000 मध्ये क्रीम इतकी पिवळी होते की भिंत जुनी झाल्यासारखी दिसते.

काकूंच्या हॉलमध्ये आम्ही एकाच होल्डरला आळीपाळीने तीन बल्ब लावून पाहिले. 6500 मध्ये ऑफ-व्हाइटची तांबूस झाक जवळजवळ दिसेनाशी झाली. 3000 मध्ये ती जरा जास्तच आली. 4000 मध्ये शेड नीट बसली, खालचा गुलाबीपणा उजेड वरून आल्यामुळे आपोआप गेला. ट्यूब बदलायला काकू तयार झाल्या, आणि शेड तिथेच ठरली: तांबूस झाकेचा ऑफ-व्हाइट, पण कार्डावर त्याच पट्टीतला एक पायरी फिका.

ती एक पायरी का? नमुना चार चौरस फुटांचा, भिंती चार. पूर्ण खोली रंगली की एका भिंतीवरचा उजेड दुसरीवर जातो, तिथून तिसरीवर, आणि प्रत्येक वेळी शेडची झाक थोडी वाढते. पाचला जो गुलाबीपणा खाली दिसला होता तो पूर्ण खोलीत वाढणार होता. लहान खोलीत आणि उजेड कमी असलेल्या खोलीत हे जास्त होतं. मोठ्या हॉलमध्ये, उंच छत पांढरं ठेवलं असेल तर कमी. फिकी शेड घेतली तर तिचाही नमुना एकदा लावून रात्री पाहा, अंदाजावर सोडू नका.

घराच्या बाहेरच्या भिंतीला हे उलटं लागू होतं. उघड्या उन्हात शेड कार्डापेक्षा फिकी दिसते, म्हणून पणजीच्या फोंतेन्यासमधल्या गर्द पिवळ्या आणि निळ्या भिंती बाहेर शोभतात, आणि तोच निळा आत मारला तर खोली काळोखी होते.

ऋतूचा हिशेब

पुष्कळ लोक चवथीच्या आधी, म्हणजे श्रावणात रंग काढतात. तेव्हा आकाश ढगाळ, उजेड मऊ आणि सगळीकडून सारखा, बाहेरची हिरवळ सर्वांत गर्द. अशा उजेडात थंड शेडी उदास दिसतात आणि माणूस घाबरून नको तितकी पिवळी शेड घेतो, जी ऑक्टोबरात ऊन पडल्यावर डोळ्यांत येते. श्रावणात पाहायचं असेल तर नमुने आठवडाभर राहू द्या आणि ऊन निघालेला एक तास तरी पकडा.

सूर्याची जागाही बदलते. गोवा साडेपंधरा अंश उत्तरेला आहे. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून साधारण 51 अंशांवर, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत खोलवर येतं. मे महिन्यात तो दुपारी डोक्यावर येतो आणि सकाळ-संध्याकाळ उत्तरेकडे झुकतो. उत्तरेच्या खिडकीत ऊन येतच नाही असं धरून बसू नका. काकूंच्या कुळागराकडच्या खिडकीतून मेच्या संध्याकाळी तिरकं ऊन येतं. दक्षिणेची खोली उन्हाळ्यात रंगवत असाल तर डिसेंबरातलं ऊन मनात धरून किंचित कमी पिवळी शेड घ्या.

ठरल्यावर

शेडचा कोड, फिनिश आणि उत्पादनाचं नाव वहीत लिहा. सॅम्पलच्या डब्यावरची चिठ्ठी फाडून वहीत चिकटवली तर उत्तम. पूर्ण खोलीचा रंग एकाच दिवशी एकाच मशीनवरून घ्या, आणि दोन-तीन डबे असतील तर पेंटरला ते मोठ्या बादलीत एकत्र करायला सांगा. प्रत्येक डब्यात शेड आणणारा स्टेनर अगदी थेंबाथेंबाने सारखा पडतोच असं नाही, आणि एका भिंतीवर मध्येच डबा बदलला तर तिथे रेष दिसते.

नमुन्यांच्या चौकोनांना रोलरची जाड कड राहते. ती तशीच ठेवून वर रंग मारला तर कडेने उजेड आला की चौकोन उठून दिसतो, विशेषतः संध्याकाळच्या तिरक्या उन्हात. 180 नंबरच्या पॉलिश पेपरने कडा सपाट होईपर्यंत घासा, हात फिरवून पाहा, धूळ पुसा आणि त्या जागी प्रायमरचा एक हात देऊन मग भिंत रंगवायला घ्या.